बिलाची दुसरी प्रत

जालन्याच्या सिंधी बाजारात किंवा नव्या मोंढ्यात काही खरेदी केली की दुकानदार आता विचारतो, "नंबर सांगा, बिल टाकतो." गिऱ्हाईक गाडीपाशी पोचेपर्यंत त्याच्या व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येऊन पडलेली असते. हिशोबाच्या अॅपमध्ये माल, वजन आणि भाव भरला, हिरवं बटण दाबलं, काम झालं. वस्तू अगदी आजची वाटते. पण ती उघडून नीट वाचा. माथ्यावर 'श्री' आहे. कोपऱ्यात 'ओरिजिनल फॉर रिसिपियंट' छापलंय. तळाशी 'ई. अँड ओ. ई.', म्हणजे आपली जुनी 'चूक भूल द्यावी घ्यावी', आणि तिच्या शेजारी 'सब्जेक्ट टू जालना ज्युरिसडिक्शन'. यातली एकही ओळ अॅप बनवणाऱ्यांनी शोधलेली नाही. एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर जाणाऱ्या फाइलला 'ओरिजिनल' म्हणायची गरज कुणाला पडली असेल? त्यासाठी मागे जावं लागतं, व्यवहाराची एकच प्रत असायची आणि ती दुकानदाराकडेच राहायची त्या काळापर्यंत.

ती प्रत म्हणजे वही. लाल कापडाच्या बांधणीची, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पुजली जाणारी. रोजचा व्यवहार किर्दीत उतरायचा, तिथून खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावावर जमा आणि नावे अशा दोन बाजूंनी जायचा. हिशोबाची पद्धत म्हणून ती पक्की होती; आजच्या अॅपमधलं 'पार्टी लेजर' हे खतावणीचंच पान आहे. उणीव दुसरीकडे होती. उधारीवर बियाणं किंवा कापड नेणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात काहीच नसायचं. वही मोडीत लिहिलेली, मारवाडी पेढीची असेल तर मुडियात. मुडियात काना-मात्रा नसतात. 'काकाजी अजमेर गये' हे पत्र 'काकाजी आज मर गये' असं वाचून घरात रडारड झाल्याचा विनोद व्यापारी लोक स्वतःच सांगतात. लिहिणाऱ्या मुनीमालाच जे धड वाचता येईल याची खात्री नाही, त्यावर शेतकऱ्याचा अंगठा उमटायचा.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी याचा भडका उडाला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली आणि मुख्यतः कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात नोंदले गेले. कागदच का जाळले, याचं उत्तर सरळ आहे: कर्ज किती याचा दुसरा कुठलाच पुरावा नव्हता, वही गेली की कर्ज गेलं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट आणला. त्या कायद्याची चर्चा बहुधा जमिनीच्या जप्तीपुरती होते. पण त्यात एक साधी तरतूद होती, आणि माझ्या मते आजच्या बिलाची वंशावळ तिथून सुरू करायला हवी. शेतकऱ्याने पैसे भरले की त्याला लेखी पावती मिळाली पाहिजे, वर्षातून एकदा हिशोबाचा उतारा मिळाला पाहिजे, आणि त्याने मागितलं तर नोंदी उतरवलेलं पासबुक दिलं पाहिजे. पावतीवर पैसे भरणाऱ्याचा हक्क आहे हे या भागात बहुधा पहिल्यांदाच कायद्याच्या भाषेत लिहिलं गेलं.

हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगरसाठी होता. जालना पलीकडच्या बाजूला, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इथली दप्तरं वेगळी आणि नाणंही वेगळं, हाली सिक्क्याचं. कायद्याची ती पावती जालन्याच्या पेढ्यांपर्यंत आली नाही. इथे दुसरी प्रत पोचली ती कार्बनच्या कागदावरून.

कार्बन कागदाचं पेटंट १८०६ सालचं, इंग्लंडच्या राल्फ वेजवुडच्या नावावर. आपल्या बाजारात तो बिलबुकाच्या रूपाने रुळला. छापखानेवाला दोन किंवा तीन रंगांची पानं एकाआड एक शिवायचा, प्रत्येक जोडीवर नंबराच्या यंत्राने तोच आकडा मारायचा, फाडायच्या पानाला छिद्रांची रेघ पाडायचा. बिलाचा मजकूर कसा असावा हे मुख्यतः या छापखानेवाल्याने ठरवलं. दुकानदाराने दुसऱ्या कुणाचं तरी बिल नमुन्याला आणून द्यायचं आणि "असंच करा, फक्त नाव बदला" म्हणायचं. अशा नकलांच्या नकलांतून 'ई. अँड ओ. ई.', न्यायक्षेत्राची ओळ आणि 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा दम गावोगाव गेला. शेवटची ओळ अजून अॅपच्या 'टर्म्स'च्या चौकटीत लोक हौसेने टाइप करतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष माल परत घ्यायला नकार देणं आणि बिल न देणं या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथा ठरवल्या, तरी.

पण बिलबुकाचा खरा गुण छापील मजकुरात नव्हता. वरच्या पानावर बॉलपेन दाबून '४२५' लिहिलं की खालच्या पानावरही त्याच क्षणी, त्याच हाताने '४२५' उमटायचं. वरचं पान गिऱ्हाइकाचं, खालचं दुकानाचं. नंतर कुणी आपल्या प्रतीवर खाडाखोड केली, तरी दुसऱ्याकडचं पान त्याला खोटं पाडायला शिल्लक. आणि नंबर आधीच छापलेले असल्याने मधलं पान गायब करणंही सोपं नव्हतं; १४७ नंतर थेट १४९ आलं की विक्रीकराचा माणूस भुवया उंचावणार. भरवसा कार्बनच्या निळ्या डागावर होता, कुणाच्या सचोटीवर नव्हे. मोंढ्यात आडत्याकडून शेतकऱ्याला मिळणारी पट्टीही याच घरातली. क्विंटल, भाव, हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल, आणि तळाला हातात पडणारी रक्कम. पट्टी घरी नेऊन पोराकडून वाचून घेता येत होती. वहीच्या काळात ते शक्य नव्हतं.

तीन प्रतींचं प्रकरण मालवाहतुकीमुळे आलं. एक घेणाऱ्याला, एक ट्रकवाल्याला, एक आपल्याकडे. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा नियम ४८ मध्ये ही कार्बनची पद्धत जशीच्या तशी उतरली. मालाचं बिल तीन प्रतींत, त्यावर अनुक्रमे घेणाऱ्यासाठी मूळ, वाहतूकदारासाठी दुसरी आणि विकणाऱ्यासाठी तिसरी असं लिहायचं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होते तोवर याला अर्थ होता, कारण त्यांच्या सुया फितीवर आपटायच्या आणि एका फटक्यात तिन्ही कागदांवर अक्षर उठायचं. लेझर प्रिंटर आपटत नाही. त्याच्या तीन प्रती म्हणजे तीन वेगळ्या छपाया, प्रत्येकावर फक्त लेबल निराळं. आपल्या पीडीएफच्या कोपऱ्यातला 'ओरिजिनल' तिथून आला. लेबल टिकलं, कार्बन मात्र गळून पडला, आणि ही गोष्ट अॅप येण्याआधीच घडून गेली होती.

पीडीएफचा जन्म वेगळ्याच गरजेतून झाला. अॅडोबी कंपनीच्या जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये 'कॅमलॉट' नावाच्या टिपणात कल्पना मांडली, १९९३ मध्ये ती बाजारात आली, २००८ मध्ये आयएसओचं मानक झाली. प्रश्न एवढाच होता की एका यंत्रावर बनवलेलं पान दुसऱ्या यंत्रावर उघडलं तर तसंच दिसावं. त्यासाठी पीडीएफ मजकूर नुसता साठवत नाही. कुठल्या फाँटमधला कुठला आकार पानावर नेमका कुठे बसवायचा ते साठवते. 'पीडीएफ आहे म्हणजे बदलता येत नाही' ही बाजारात सर्रास ऐकू येणारी समजूत चुकीची आहे. सगळीकडे सारखं दिसणं वेगळं आणि बदलता न येणं वेगळं. पीडीएफने पहिल्याची हमी घेतली, दुसऱ्याची कधीच नाही.

ही फाइल जालन्याच्या काउंटरवर आली ती सव्वा-दीड वर्षात घडलेल्या घटनांमुळे. मार्च २०१६ मध्ये व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवता येऊ लागली. सप्टेंबरमध्ये जिओ आल्याने डेटा स्वस्त झाला, नोव्हेंबरमध्ये नोटबंदी झाली, आणि पुढच्या जुलैत जीएसटीने पक्क्या बिलाची सक्ती वाढवली. अँड्रॉइडने तर २०१३ च्या आवृत्तीतच फोनवर पीडीएफ काढण्याची सोय देऊन ठेवली होती. टॅली वापरायला संगणक आणि तो चालवणारा पोरगा लागत असे. अॅपला दुकानदाराचा स्वतःचा फोन पुरला.

अॅपच्या आत काय होतं ते पाहिलं की पुढची गोष्ट कळते. दुकानदार बिल भरतो तेव्हा बिल असं काही बनतच नाही. डेटाबेसमध्ये एक ओळ पडते: गिऱ्हाइकाचा क्रमांक, तारीख, माल, वजन, दर. 'शेअर' दाबलं की अॅप त्या ओळीतले आकडे आणि सेटिंगमधलं दुकानाचं नाव, पत्ता, बँकेचं खातं, सहीचं चित्र एका साच्यात ओतून तेवढ्यापुरती पीडीएफ काढतं आणि व्हॉट्सअॅपच्या हवाली करतं. पुन्हा दाबलं की पुन्हा नवी काढतं. म्हणूनच अनेक अॅपमध्ये दुकानाचा पत्ता बदलला की गेल्या वर्षीचं बिलही नव्या पत्त्यासह बाहेर येतं.

साच्यात ओतताना होणाऱ्या दोन गमती मराठी दुकानदाराला भोगाव्या लागतात. पहिली रुपयाच्या चिन्हाची. ते २०१० मध्ये ठरलं. पीडीएफसोबत गृहीत धरलेले हेल्वेटिकासारखे मूळ १४ फाँट त्याच्या कितीतरी आधीचे, त्यांत ते नाही. युनिकोडमध्ये त्याचा संकेत 20B9. फाँट न जोडता पीडीएफ काढणारी काही साधनं यातला मागचा अर्धा भाग, B9, तेवढाच उचलतात, आणि जुन्या तक्त्यात B9 म्हणजे वर चढवलेला बारीक एक. मग बिलावर असं उमटतं:

```
¹26,078
```

घाईत वाचणाऱ्याला सव्वीस हजारांचे सव्वा लाख दिसतात. 'रु.' लिहिलं की पीडा टळते, आणि बऱ्याच साच्यांत अजून 'Rs.' दिसतं त्यामागे हेही एक कारण असावं.

दुसरी गंमत देवनागरीची. 'खिळे' टाइप करताना संगणक आधी ख आणि मग वेलांटी साठवतो; दाखवताना वेलांटी अलीकडे न्यावी लागते. रफार, जोडाक्षरं यांचंही तसंच. पीडीएफ फक्त आकार आणि जागा जाणते, त्यामुळे ही जुळणी आधीच कुणीतरी करून द्यावी लागते. अँड्रॉइडच्या स्वतःच्या यंत्रणेने पान रेखाटलं तर अक्षर नीट येतं. अॅपने स्वतंत्र साधन वापरलं, आणि त्याला जुळणी येत नसली, तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला आणि 'पत्रा'चे तुकडे. मुडियात मात्रा लिहितच नसत. इथे लिहिलेली मात्रा जागा सोडून जाते. वैतागून दुकानदार मालाची यादी इंग्रजीत करतो आणि गिऱ्हाइकाला न वाचता येणारं बिल पुन्हा एकदा तयार होतं.

आता कार्बन गेल्याने काय बिघडतं ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. जालना सळईचं गाव, तेव्हा माल तोच घेऊ. अंबडच्या एका ठेकेदाराने ५ जूनला १२ मिलिमीटरच्या ४० सळया नेल्या. या जाडीची १२ मीटरची सळई हिशोबाने १०.६७ किलो, म्हणजे ४० नग साधारण ४२७ किलो. काट्यावर ४२५ भरल्या. दर ५२ रुपये. माल २२,१०० रुपयांचा, त्यावर ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा कर, प्रत्येकी १,९८९. एकूण २६,०७८. पीडीएफ ठेकेदाराच्या फोनवर गेली.

नऊ दिवसांनी तो म्हणाला, दोन-तीन सळया कमी आल्या, २५ किलो कापा. दुकानदाराने मान्य केलं. या ठिकाणी रीत अशी की मूळ बिलाला हात लावायचा नाही. २५ किलोची, करासह १,५३४ रुपयांची क्रेडिट नोट काढायची. पण अॅपमध्ये बिलावर पेन्सिलीचं चित्र असतं. त्याने ते दाबलं, ४२५ चे ४०० केले. डेटाबेसमधली ओळ बदलली. बिल नंबर तोच, तारीख तीच, रक्कम २४,५४४. नवी पीडीएफ पाठवायचं राहून गेलं. महिन्याचं विवरण भरताना नवा आकडा पोर्टलवर गेला. ठेकेदाराच्या मुनीमाने फोनमधल्या पीडीएफवरून ३,९७८ रुपयांचा कर वजा मागितला, पोर्टलवर त्याच्या नावाने ३,७४४ दिसला. फरक २३४ रुपयांचा. रक्कम किरकोळ आहे, कुणाची लबाडीही नाही. पण एकाच नंबरची दोन वेगळी बिलं अस्तित्वात आली आणि दोन्ही दिसायला 'ओरिजिनल'. बिलबुकात हे घडलं असतं तर खाडाखोड दुकानाच्या पानावर दिसली असती आणि गिऱ्हाइकाचं पान तसंच राहिलं असतं.

अशा वेळी खरी जुनी प्रत कुठली? उत्तर दुकानदाराला फारसं आवडणारं नाही: गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअॅपमधली. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी पोचते, तिच्यावर पाठवल्याची वेळ असते आणि दुकानातल्या पेन्सिलीचा हात तिथवर जात नाही. फाडून दिलेल्या पानाचं काम आता ती करते. स्क्रीनशॉट पाठवला तर मात्र हा फायदा जातो. फाइलची तारीखही तपासता येते. संगणकावर पीडीएफचे गुणधर्म उघडले, किंवा फाइल साध्या मजकुरासारखी उघडून शोधलं, तर बहुधा अशी ओळ सापडते:

```
/CreationDate (D:20250614181205+05'30')
```

१४ जून २०२५, संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटं, भारतीय वेळ. बिलावर ५ जून असेल तर ही फाइल नऊ दिवसांनी काढलेली आहे. एवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नये. गिऱ्हाइकाने बिल हरवलं म्हणून पुन्हा मागितलं, तरी नव्या दिवसाची तारीख पडते; काही अॅप ही ओळ लिहीतच नाहीत; फोनचं घड्याळ चुकलेलं असू शकतं. पण दोन पीडीएफ समोर असल्या आणि रकमा वेगळ्या असल्या, की आधीची कुठली ते यावरून कळायला मदत होते. तळाशी चिकटवलेलं सहीचं चित्र इथे काही कामाचं नाही. डिजिटल सही फाइलच्या प्रत्येक बाइटवर बांधलेली असते, बाइट हलला की ती मोडते. चित्र मात्र नव्या बिलावरही तितकंच सुबक दिसतं.

कार्बनची जागा भरून काढणारी व्यवस्था सरकारने केली आहे, पण ती वरच्या मजल्यावर थांबते. ई-इन्व्हॉइस ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीपासून सुरू झालं आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वरच्यांना, व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला केलेल्या विक्रीसाठी, लागू आहे. बिलाचे आकडे आधी सरकारी पोर्टलवर जातात. तिथून ६४ अक्षरांचा क्रमांक आणि सही केलेला क्यूआर कोड येतो, ज्यात दोन्ही बाजूंचे जीएसटी क्रमांक, बिल नंबर, तारीख आणि रक्कम बांधलेली असते. नोंदलेलं बिल तिथे दुरुस्त होत नाही. २४ तासांत रद्द करता येतं, एवढंच. खालचं पान आता सरकारकडे राहतं. त्यामुळे जालन्याच्या एमआयडीसीतल्या मोठ्या मिलमधून सळई येते तिच्या बिलावर हा चौकोन असतो, आणि तीच सळई पाच कोटींच्या आतला दुकानदार पुढे विकतो त्या पीडीएफवर नसतो. कंपन्यांना एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारंच हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. मालकीच्या आणि भागीदारीच्या दुकानांना ती अटही नाही, आणि बाजारातली बहुतेक दुकानं तशीच आहेत.

खाली राहिलेल्यांनी मग आपापली सोय लावायची. काही अॅपमध्ये ठरावीक तारखेआधीच्या बिलांना कुलूप लावता येतं किंवा नोकराच्या खात्यातून पेन्सिल काढून टाकता येते. ही सेटिंग आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. शिवाय जपणुकीचा प्रश्न उरतोच. जीएसटीचा कायदा वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने हिशोब ठेवायला सांगतो. बिलबुकं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली की झालं. अॅपची वर्गणी संपते, फोन बदलतो, व्हॉट्सअॅप जागा मोकळी करायला सांगतं आणि पोरगं 'डिलीट' दाबतं. म्हणून दर महिन्याच्या अखेरीस सगळ्या बिलांच्या पीडीएफ एकदम काढून सीएला ईमेल कराव्यात. त्या दिवशी आकडे काय होते ते मेलच्या तारखेसह दुसऱ्याच्या ताब्यात जातं, आणि पुढे पेन्सिल फिरलीच तर ताडून पाहायला एक पान राहतं.